खिचडीतले न दिसणारे दाणे

२०२४ च्या महाशिवरात्रीला दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या अन्नछत्राच्या चौथ्या खिडकीवर एका बाईंनी विचारलं, "दादा, शेंगदाणे आहेत का ह्यात? पोराला चालत नाहीत." खिडकीवर कॉलेजचा एक पोरगा सेवेला होता. त्याने घमेल्यात वाकून पाहिलं, उलथन्याने खिचडी जरा बाजूला सारली आणि अख्खा दाणा दिसत नव्हता तिथली खिचडी द्रोणात भरली. "घ्या काकू, ह्यात नाहीत."

वीस किलो साबुदाण्याच्या त्या कढईत आठ किलो दाण्याचं कूट होतं.

पोराचे ओठ पाच मिनिटांत सुजले, मग अंगावर गांधी उठल्या, मग तो खोकायला लागला. नशिबाने यात्रेचा वैद्यकीय कक्ष तीनशे पावलांवर होता आणि तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. रात्रभर तालुक्याच्या ठिकाणी देखरेखीखाली राहून सकाळी पोरगा घरी गेला. सेवेकरी पोरगा मात्र पुढचे चार दिवस कोणाशी बोलत नव्हता. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, देवाच्या दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कँटीनवर देखरेखीला आहे आणि सुट्टी टाकून दरवर्षी यात्रेत सेवा करतो. अन्न सुरक्षेचं फॉस्टॅक प्रशिक्षण झालेला देवस्थानात मी एकटाच, त्यामुळे पुढच्या यात्रेआधी "प्रसादाची सूचना" लावण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. विश्वस्तांच्या डोक्यात एक फ्लेक्स होता. एका संध्याकाळचं काम आहे, असं मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात नोव्हेंबर ते फेब्रुवारी गेला.

पहिल्याच बैठकीत नेहमीचा प्रश्न आला. हे देवाचं काम आहे, हॉटेल थोडंच आहे, मग हे नियम आपल्याला कशाला? २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यातली अन्न व्यवसायाची व्याख्या मी वाचून दाखवली. नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खाजगी, दोन्ही त्यात येतात, आणि धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांचा नोंदणीच्या नियमांत वेगळा उल्लेखच आहे. आमच्याकडे परवाना होताच, चौदा आकडी क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला. पण अ‍ॅलर्जीची घोषणा बंद पाकिटाच्या लेबलवर लागते. आमच्या विक्रीच्या बेसन लाडवाच्या पाकिटावर तूप आणि काजू आहेत हे बारीक अक्षरात का होईना छापलेलं असतं. द्रोणातल्या खिचडीला लेबल कुठे चिकटवणार? म्हणजे जे काम पाकिट करतं ते काम फलकाने आणि खिडकीवरच्या माणसाने करायचं होतं.

फलकावर काय लिहायचं हे ठरवायला मी कोठीत जाऊन बसलो. आपल्याकडच्या नियमात अ‍ॅलर्जीच्या पदार्थांचे गट दिलेले आहेत: ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणावरचं सल्फाइट. उपवासाच्या प्रसादात यातले दोनच गट येतील, दाणे आणि दूध, असा माझा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला, पण दाणे किती वाटांनी येतात ते पाहून मी गार झालो.

कूट तर सरळच. दुसरी वाट तेलाची. फोडणीला तूप होतं, पण कढईला आधी हात फिरवायला आचारी शेंगतेल घेत होते, आणि ते तेल पंचक्रोशीतल्या एका घाण्यावरून दानात आलेलं होतं. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगतेलात अ‍ॅलर्जी करणारी प्रथिनं जवळपास उरत नाहीत. घाण्याच्या तेलात ती राहतात, गाळात तर हमखास. तिसरी वाट टेबलाची: उकडलेले बटाटे ज्या टेबलावर कापायचे त्याच टेबलावर सकाळी कुटाची पोती रिकामी झालेली. चौथी वाट हवेची. कूट करायचं यंत्र कोठीच्या कोपऱ्यात होतं, आणि ते दहा मिनिटं चाललं की शेजारच्या फळीवरच्या खडीसाखरेच्या डब्यांवर बोट फिरवल्यावर पांढुरकी, तेलकट पूड हाताला लागायची. मी ती आमच्या मुख्य आचाऱ्यांना, अण्णांना, दाखवली. अण्णांनी बोट चाटलं आणि म्हणाले, "दाणाच की."

त्या दिवशी एक गोष्ट मी वहीत ठळक लिहून ठेवली. आमच्या फलकावर "आहे" लिहिता येईल, "नाही" लिहिता येणार नाही. "या खिचडीत शेंगदाणा आहे" हे वाक्य आम्ही रोज पाळू शकतो. "शेंगदाणाविरहित खिचडी" असा वेगळा घाणा काढावा अशी एका विश्वस्तांची सूचना होती, हेतू चांगला होता, पण त्या स्वयंपाकघरात ते वाक्य खोटं ठरलं असतं. झारा तोच, टेबल तेच, माणसं तीच, गर्दीच्या वेळी कोण कुठलं घमेलं उचलेल त्याचा भरवसा नाही. खोटा दिलासा देणारा फलक फलक नसण्यापेक्षा वाईट, कारण अ‍ॅलर्जी असलेला माणूस एरवी सावध असतो आणि फलक वाचून निर्धास्त होतो.

मग अशा माणसाने प्रसाद घ्यायचाच नाही का? इथे खरी अडचण होती. आपल्याकडे प्रसाद नको म्हणणं जमत नाही. दोन तास रांगेत उभं राहून समोर आलेला द्रोण लोक आधी कपाळाला लावतात आणि मग विचार करतात. "खाऊ नका" एवढंच लिहिलं तर आई पोराला "एक कण तरी घे" म्हणणारच. हातात दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. आम्ही खडीसाखर ठरवली. ती कोठीतून हलवून भक्तनिवासाच्या एका खोलीत नेली, तिथे नवीन पोतं फोडलं आणि महिला मंडळाच्या काकूंनी हात धुऊन, कोरड्या चमच्याने छोट्या पुड्या बांधून त्या बंद केल्या. ती खिडकीही अन्नछत्राच्या रांगेत ठेवली नाही, अलीकडे, दर्शनमंडपाच्या पायरीशी ठेवली. तिथला सेवेकरी दिवसभर खिचडीला हात लावणार नाही हा नियम. खोबऱ्याचा तुकडा हा पर्याय आधी सुचला होता, पण तो ओला, उन्हात लवकर बुळबुळीत होतो, आणि सोलणारे हात अनेक.

गाभाऱ्याजवळचे पेढे हा वेगळाच विषय. लोक पुडा आणतात, गुरव मामा अर्धा देवापुढे ठेवतात, अर्धा परत देतात आणि देवापुढचे पेढे नंतर येणाऱ्यांच्या हातावर पडतात. कुठल्या दुकानाचा, कधीचा, त्यात पिस्ता आहे की काजू, काहीच माहीत नाही. खव्यात हाताचे जंतू वाढले तर त्यांचं विष नंतर तापवूनही जात नाही, आणि असा पेढा चवीला बिघडलेला लागतोच असं नाही. आमचा कोणताच फलक या पेढ्यांची हमी देऊ शकत नव्हता. मी मामांकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा ते चिडले, "देवाला आलेलं मी अडवू?" दुसऱ्यांदा गप्प राहिले. तिसऱ्यांदा त्यांनीच तोडगा काढला: ज्याचा पुडा त्यालाच नैवेद्य दाखवून परत, आणि इतरांच्या हातावर फक्त बेलाचं पान आणि तीर्थ. तीर्थातही यात्रेच्या दिवशी पंचामृत नाही, साधं पाणी, कारण पहाटे चारला कालवलेलं दूध-दही दुपारपर्यंत तांब्याच्या भांड्यात ठेवणं कुणालाच पटेना. अभिषेकाचं पंचामृत अभिषेकापुरतं. मामांचा हा हक्क पिढ्यांचा आहे, त्यांनी तो स्वतःहून आवरला, हे मी इथे लिहून ठेवतो.

भगर आम्ही यादीतून काढली. आदल्या वर्षी, २०२४ च्या फेब्रुवारीत, बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात एकादशीच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली होती, झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली. भगर दमट जागी राहिली की तिच्यावर बुरशी धरते आणि काही बुरशींचं विष शिजवूनही टिकतं, म्हणून अन्न व औषध प्रशासन सुटी भगर आणि भगरीचं पीठ घेऊ नका, असं सणांच्या तोंडावर सांगत असतं. आमच्याकडे भगर यायची ती दानात, गोणीवर ना नाव ना तारीख. दान नाकारलं नाही, पण ते शिजवलं नाही. वाढपाच्या दिवशी विकत घेतलेला, बिल असलेला जिन्नसच वापरायचा, हे कोठीच्या दारावर लिहिलं. दानाचं शेंगतेल दिव्यांना गेलं.

आता मजकूर. पहिला मसुदा सचिवांनी केला: "सर्व भाविकांना सूचित करण्यात येते की, देवस्थानामार्फत वितरित करण्यात येणाऱ्या महाप्रसादामध्ये…" असा, एकोणीस ओळींचा. मी तो ए-थ्री कागदावर छापून एका सोमवारी रांगेत धरून उभा राहिलो आणि पुढे गेलेल्यांना विचारलं, काय लिहिलं होतं? वीसेक जणांपैकी दोघांना "महाप्रसाद" हा शब्द आठवला. एका आजींनी विचारलं, "देणगीचा आहे का?"

दुसऱ्या मसुद्यात मी "अ‍ॅलर्जी" शब्द मोठा केला. तोही फसला. आमच्या भागात अ‍ॅलर्जी म्हणजे धुळीने शिंका. आणि "शेंगदाणा चालत नाही" म्हटलं की लोकांना वाटतं पित्त होतं, खोकला होतो, किंवा डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. चौथ्या खिडकीवरच्या पोराला त्या बाईंचं "चालत नाही" असंच ऐकू आलं होतं. शेवटी वैद्यकीय कक्षातल्या नर्सताईंनी सांगितलं, पेशंट जसं बोलतात तसंच लिहा. मग मजकूर असा झाला:

"खिचडीत शेंगदाण्याचं कूट आहे. दिसत नाही, पण आहे.
दाणा खाल्ल्यावर ओठ-घसा सुजतो, अंगावर गांधी येतात, असा कोणी बरोबर असेल तर त्याला खिचडी देऊ नका.
त्याच्यासाठी खडीसाखरेचा प्रसाद पायरीजवळच्या पिवळ्या खिडकीवर.
लाडवात दूध-तूप आणि काजू आहेत.
श्वास लागला तर थांबू नका: वैद्यकीय कक्ष किंवा १०८."

शेजारी शेंगेचं चित्र, फोडलेली शेंग, आत दोन दाणे. सीमेपलीकडून येणाऱ्यांसाठी तोच मजकूर खाली कानडीत, एका शिक्षकांकडून तपासून घेतलेला. "दिसत नाही, पण आहे" ही ओळ सचिवांना बाष्कळ वाटली. ती काढायला मी तयार झालो नाही.

लावायचा कुठे? आधीचे सगळे फलक अन्नछत्राच्या दारावर, म्हणजे मागून रेटा आणि पुढे द्रोण अशा जागी. तिथे माणूस वाचत नाही, वाचलं तरी मागे फिरता येत नाही. आम्ही फलक नागमोडी रांगेच्या तीन वळणांवर लावले, कारण वळणावर माणूस थांबतो आणि समोर बघायला दुसरं काही नसतं. उंची सात फूट, डोक्यांच्या वर. शेवटचा फलक पिवळ्या खिडकीच्या आधी, जिथून रांग सोडून बाजूला होता येतं. ध्वनिक्षेपकावर दर पंधरा मिनिटांनी फक्त पहिली आणि तिसरी ओळ.

स्वच्छतेचा वेगळा फलक बाहेर लावला नाही. "हात धुवा, टोपी घाला" हे भाविकाला सांगून काय उपयोग? तो सेवेकऱ्यांसाठी, आत, भट्टीच्या समोर. पाण्याच्या टाकीत क्लोरीन आहे का ते दाखवणारी ओटी चाचणी सकाळी आणि दुपारी, रंग पिवळा आला तरच साबुदाणा भिजवायचा. बोटाला जखम असेल तर वाढपाला नाही, द्रोण लावायला बसा. आणि प्रत्येक घाण्याला एक पाटी: उतरल्याची वेळ खडूने. वाढताना खिचडी साठ अंशांच्या वर असली पाहिजे, त्याच्या खाली आली की जंतूंना वाढायला सोयीची ऊब मिळते. अण्णांना तापमापक पोरखेळ वाटला. "तीस वर्षं हाताने ओळखतोय." मग त्यांच्याच घमेल्यात मी सळई रोवली, वरचा थर अठ्ठेचाळीस आणि मध्ये सत्तर. वरचा थरच तर आधी वाढला जातो. अण्णा काही बोलले नाहीत, पण पुढच्या घाण्यापासून घमेल्यावर झाकण आलं आणि घमेली लहान झाली.

भाविकांसाठी एकच ओळ बाहेर घेतली: "खिचडी इथेच, गरम असताना खा. घरी नेण्यासाठी लाडू आहे." कारण लोक द्रोण पिशवीत बांधून नेतात, आजारी सासूबाईंसाठी, शेजारणीसाठी, आणि तो एसटीत पाच-सहा तास उबेत राहतो. ही ओळ फारशी कोणी पाळली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पिशव्या भरल्या जात होत्या आणि खिडकीवरचे आमचे लोक त्यांना गाठ मारून देत होते.

२६ फेब्रुवारी २०२५. पहाटे तीनपासून रांग. पिवळ्या खिडकीवर मी स्वतः बसलो. पहिले दोन तास कोणी नाही. मग एक आजोबा आले, "इथे त्रासवाल्यांचं आहे ना?" काय त्रास विचारल्यावर म्हणाले, शुगर. मी त्यांना खडीसाखर देणार होतो! दोघंही हसलो, त्यांना बेलाचं पान दिलं. दिवसभरात अशी चुकून आलेली बरीच माणसं होती, गुडघेदुखीवालेसुद्धा. पण दाण्यामुळे आलेली चौदा माणसं मी वहीत मोजली, त्यातली नऊ लहान मुलं. एका बाईंनी पुडी घेतली आणि विचारलं, ही दाण्याच्या खोलीत बांधली नाही ना? हा प्रश्न कोणी विचारील असं मला वाटलं नव्हतं. भक्तनिवासाची खोली दाखवायला मी काकूंबरोबर त्यांना पाठवलं.

चूक झाली ती तीन वाजता, सेवेकऱ्यांची पाळी बदलताना. सकाळच्या तुकडीला मी अर्धा तास समजावलं होतं, दुपारच्या तुकडीला कोणीच नाही. दुसऱ्या खिडकीवर एका तरुणाने दाण्याबद्दल विचारलं आणि नवीन सेवेकरी म्हणाला, "थोडेच आहेत हो, प्रसादाने काही होत नाही." तरुण शहाणा होता, त्याने द्रोण परत केला आणि माझ्याकडे येऊन सांगितलं. त्यानंतर प्रत्येक खिडकीच्या आतल्या बाजूला, सेवेकऱ्याच्या डोळ्यांसमोर, पेनाने लिहिलेला कागद चिकटवला: "दाणे आहेत का विचारलं तर उत्तर एकच: आहेत. पिवळी खिडकी दाखवा." फलकाचा खर्च साडेअकरा हजार आला होता. त्या दिवशी सगळ्यात जास्त काम या कागदाने केलं असं माझं मत आहे.

त्या वर्षी वैद्यकीय कक्षात अ‍ॅलर्जीचा एकच माणूस गेला, आणि त्याने खिचडी आमच्याकडे खाल्ली नव्हती. पायथ्यापासून मंदिरापर्यंतच्या रस्त्यावर वेगवेगळी मंडळं मांडव टाकून खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची आमटी वाटतात. ती आमच्या परवान्यात नाहीत, आमच्या फलकाखाली नाहीत, पण भाविकाला सगळा एकाच देवाचा प्रसाद. यंदा मी उरलेले फलक घेऊन पाच मांडवांत गेलो. तिघांनी लगेच टांगले. एकाने उद्या बघू म्हटलं. पाचव्या मांडवातल्या अध्यक्षांनी मजकूर नीट वाचला, शेंगेच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे भाऊंचा फोटो बसेल का?"

मी चित्र तसंच ठेवून खाली एक वीत जागा वाढवून दिली. फोटो बसला.